ड्रम, घड्याळ आणि एक एकर

जामखेड,
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

चि. भाच्यास,



परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, पाच एचपीची मोटार आहे, एक एकर गहू किती तासांत भिजेल?" मी तेव्हा उत्तर दिलं नाही. फोनवर सांगितलेले आकडे संध्याकाळपर्यंत विसरतात, म्हणून हे कागदावर लिहितो आहे. वाचून झालं की घडी करून स्टार्टरच्या पेटीत ठेव. वर्षभर लागेल.

पहिली गोष्ट अशी की तुझ्या प्रश्नात एचपी आलं, पण लिटर आले नाहीत. तीस वर्षं मी जामखेड, कर्जत, भूम या पट्ट्यात मोटारी उतरवल्या आणि काढल्या. एकाच एचपीच्या दोन मोटारींनी एकसारखं पाणी दिलेलं फार क्वचित पाहिलं. पाच एचपीच्या एका पंपाला आठ स्टेज असतात, दुसऱ्याला पंधरा. कमी स्टेजचा पंप थोड्या खोलीवरून पुष्कळ पाणी देतो. जास्त स्टेजचा खोलवरून उचलतो, पण पाणी थोडं देतो. दोन्हींच्या पाटीवर पाच एचपीच लिहिलेलं असतं. त्यामुळे एचपीवरून तास काढता येत नाहीत. ते पाईपाच्या तोंडाशी पडणाऱ्या पाण्यावरून काढावे लागतात.

"बोअरला दोन इंच पाणी आहे" या बोलीवरही विसंबू नकोस. बोअर मारणारे पत्र्याला काटकोनी खाच पाडतात आणि तिच्यावरून वाहणाऱ्या पाण्याची उंची इंचात सांगतात. त्या मापानं दोन इंच म्हणजे तासाला साधारण २,९०० लिटर. दुसरा कोणी दोन इंच म्हणतो तेव्हा त्याला दोन इंची पाईप भरून पाणी सांगायचं असतं. आणि आपण रानात एक इंच पाणी द्यायचं म्हणतो तो इंच तिसराच, तो जमिनीवर उभ्या राहणाऱ्या पाण्याचा. एका एकरावर एक इंच पाणी म्हणजे १,०२,८०० लिटर. खाचेच्या दोन इंचांचं पाणी घेऊन हा एक इंच भरायला पस्तीस तास लागतात. शब्द एकच असल्यामुळे माणसं फसतात. म्हणून इंच सोड आणि लिटर धर.

ड्रम कसा भरायचा

माझ्या सांगण्यावरून तू ड्रम लावलास. पहिल्यांदा मोटार चालू केल्या केल्या लावलास आणि ६० सेकंदांत भरला म्हणून सांगितलंस. मी पुन्हा लावायला सांगितलं, दोन तास मोटार चालल्यावर. तेव्हा ७२ सेकंद लागले. तुला हा फरक किरकोळ वाटला. तो किरकोळ का नाही, ते सांगतो.

मोटार सुरू होते तेव्हा बोअरमधली पातळी वर असते. उचल कमी असते, म्हणून पाणी जोरात येतं. उपसा सुरू झाला की पातळी खाली सरकत जाते आणि दीड-दोन तासांनी एका जागी ठरते. तिथं खडकाच्या फटींतून येणारं पाणी आणि मोटार ओढते ते पाणी सारखं होतं. तुझ्या बोअरचं खरं पाणी तेच.

बोअरमध्ये साठलेलं पाणी म्हणजे मोठा साठा असं समजू नकोस. साडेसहा इंची बोअरमध्ये एका फुटाला फक्त साडेसहा लिटर पाणी मावतं. शंभर फूट पाण्याचे साडेसहाशे लिटर झाले, आणि तुझी मोटार ते चार मिनिटांत काढते. बोअर हा हौद नाही. तो खडकातून येणाऱ्या झऱ्याचा नळ आहे.

ड्रम लावताना दोन गोष्टी सांभाळ. तो बोअरजवळ लावू नकोस. पाईप रानात जिथं उघडतो तिथं लाव, कारण वाटेतली गळती आणि चढ त्यातच मोजला जातो. दुसरं, पाईपाचं तोंड उचलून ड्रमवर धरू नकोस. जमिनीत खड्डा करून ड्रम त्यात बसव, म्हणजे पाणी रोज पडतं त्याच उंचीवर पडेल. तीन वेळा भर आणि सरासरी घे.

हिशेब सोपा आहे. दोनशे लिटरचा ड्रम असेल तर ७,२०,००० ला सेकंदांनी भाग. ७२ सेकंद आले की तासाला १०,००० लिटर. हा आजचा, कार्तिकातला तुझा आकडा.

एकराला किती पाणी

एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर एक सेंटिमीटर पाणी उभं केलं तर ४०,५०० लिटर लागतात. हा एकच आकडा पाठ कर, बाकी सगळं त्यातून निघतं.

आता गव्हाला एका पाळीला किती सेंटिमीटर द्यायचं ते पाहू. तुझं रान मध्यम काळं, दोन-अडीच फूट खोल, खाली मुरूम. गव्हाची कामाची मुळं वरच्या दोन फुटांत असतात. त्या दोन फुटांतली पिकाला घेता येण्यासारखी ओल निम्मी संपली की पाणी द्यायचं आणि संपलेली निम्मी भरून काढायची. काळ्या जमिनीत ही भरपाई पाच ते सहा सेंटिमीटरची होते. आपण सहा धरू. खर्ड्याच्या किल्ल्याकडच्या अंगाला रान हलकं आणि मुरमाड आहे, तिथं तीन-चार सेंटिमीटरच द्यायचं आणि पाळी लवकर आणायची. त्या मातीत जास्त दिलेलं पाणी मुळांखाली निघून जातं.

किती गेलं हे डोळ्यांनी कळत नाही, सळईनं कळतं. पाणी दिल्यावर दोन दिवसांनी, वापसा यायच्या आत, तीन फुटांची गुळगुळीत सळई हातानं दाबून बघ. ओल्या मातीत ती सरळ जाते आणि कोरडी लागली की अडते. दीड-दोन फुटांवर अडली तर पाणी बेताचं झालं. अडलीच नाही तर तू दोन पाळ्यांचं पाणी एकदम दिलंस. साऱ्याच्या तोंडाशी, मध्ये आणि शेवटी अशी तीन ठिकाणी दाब. तोंडाशी तीन फूट आणि शेवटी एक फूट असं निघालं, तर पाण्यात नाही, साऱ्याच्या बांधणीत खोट आहे.

सहा सेंटिमीटरचे २,४३,००० लिटर झाले. तासाला दहा हजारानं भागलं की २४ तास आणि थोडी मिनिटं. इथंच बहुतेक जण थांबतात आणि पुढे रोज आठ तास लाईटच्या हिशेबानं तीन दिवसांत रान भिजत नाही म्हणून मोटारीला दोष देतात.

चोवीसचे चाळीस कसे होतात

रानात एक सारा धरून बघ. समज, शंभर फूट लांब आणि आठ फूट रुंद. म्हणजे आठशे चौरस फूट. त्यात सहा सेंटिमीटर पाणी भरायला ४,४६० लिटर लागतात, आणि पाईप थेट साऱ्याच्या तोंडाशी असेल तर २७ मिनिटं. एकरात असे साधारण ५४ सारे बसतात. ५४ वेळा २७ मिनिटं म्हणजे तेच २४ तास. कागदावर हिशेब जुळतो.

पण तुझा पाईप साऱ्याच्या तोंडाशी नाही. तो बांधावर उघडतो आणि तिथून मातीचा दांड दोन-अडीचशे फूट जातो. दांडाच्या तळातून आणि कडांतून पाणी मुरतं. लाईट गेली की दांड वाळतो आणि ती परत आली की पहिली काही मिनिटं दांड भिजवण्यातच जातात. खेकड्याचं किंवा उंदराचं एखादं बीळ असेल तर तिथून शेजारच्या बांधात पाणी जातं. शिवाय सारे सपाट नसतात, त्यामुळे शेवटच्या टोकाला सहा सेंटिमीटर पोचेपर्यंत तोंडाशी दहा झालेले असतात. या सगळ्यातून पिकाच्या मुळाशी शंभरातले साठ लिटर पोचले तरी मातीच्या दांडाला ते चांगलं मानतात.

म्हणून २,४३,००० लिटर मुळाशी हवे असतील तर बोअरमधून ४,०५,००० लिटर उपसावे लागतात. तासाला दहा हजारानं ते साडेचाळीस तास झाले. दिवसाला आठ तास लाईट धरली तर पाच दिवस, आणि मध्ये फ्यूज गेला, फीडर बंद पडला, असं धरून सहा. तुझ्या प्रश्नाचं आजचं उत्तर हे आहे.

या चोवीस आणि चाळीसमधले सोळा तास तुझे आहेत, त्यांतले काही परत मिळवता येतात. दांडाऐवजी पीव्हीसीचा पाईप शेवटच्या साऱ्यापर्यंत नेलास आणि सारे सपाट केलेस, तर शंभरातले पंचाहत्तर लिटर पोचतात. मग साडेबत्तीस तास लागतात. एकराला एक पूर्ण दिवस वाचतो, तोही दर पाळीला.

दारं धरताना घड्याळ हातात ठेव. २७ मिनिटांच्या आसपास पाणी साऱ्याच्या शेवटाला पोचलं पाहिजे. काळ्या जमिनीत पाऊण सारा भरला की दार मोडून पुढच्या साऱ्याला लाव, कारण मागचं पाणी उरलेला पाव सारा स्वतःच भरतं. शेवटाला पोचायला तासभर लागत असेल तर त्या साऱ्यात तेरा सेंटिमीटर पाणी गेलं. त्यावर उपाय मोठी मोटार नाही. सारा आखूड करायचा, नाहीतर रुंदी आठाची सहा करायची.

तुषार लावायचा विचार तू बोलून दाखवला होतास. त्यात चार-चार सेंटिमीटरची हलकी पाळी देता येते आणि शंभरातले पंचाहत्तर पोचतात, म्हणजे २,१६,००० लिटर. पण तुषारच्या नोझलला दोन-अडीच किलोचा दाब लागतो. मोटारीच्या दृष्टीनं तो दाब म्हणजे आणखी वीस-पंचवीस मीटर उंची. त्यामुळे दहा हजार लिटरच्या जागी आठ हजारच येतील असं धर. मग २७ तास लागतील. फायदा आहे, पण जाहिरातीत दिसतो तेवढा नाही. लावलास की नोझलमधून किती पाणी येतं ते पुन्हा मोज. जुना आकडा तिथं चालत नाही.

युनिट कशासाठी मोजायचे

तू म्हणशील, मामा, एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज मोफत झाली आहे, मग युनिटाची उठाठेव कशाला? ही सवलत मार्च २०२९ पर्यंतची आहे, हे एक. आणि दुसरं त्याहून मोठं. जमिनीच्या आत दोनशे-अडीचशे फुटांवर काय चाललं आहे हे वर कळायला युनिटाइतकं स्वस्त साधन नाही. तापमापी आजाऱ्याला लागते तसं हे मोटारीला लागतं.

मीटर असेल तर मोटार ठरल्यावर एकदा आकडा लिही आणि बरोबर एक तासानं पुन्हा लिही. वजाबाकी म्हणजे तासाचे युनिट. मीटर नसेल तर चिमट्याचा मीटर घेऊन तारेतले अँपिअर बघ आणि व्होल्ट बघ. १.७३ गुणिले व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले ०.८, भागिले हजार. तुझ्याकडे ४०० व्होल्टला ८.३ अँपिअर होते, म्हणजे तासाला ४.६ युनिट.

यावरून एका पाळीचे युनिट निघतात. साडेचाळीस तास गुणिले ४.६, म्हणजे १८६. पाईप शेवटच्या साऱ्यापर्यंत नेलास तर दीडशेच्या आत.

आता या आकड्याला लिटरशी बांध. दहा हजार लिटरला ४.६ युनिट, म्हणजे एक लाख लिटरला ४६ युनिट. हा "लाखाला ४६" आकडा पेटीच्या दारावर खडूनं लिहून ठेव. तो बरा की वाईट, हे असं ताडायचं. हजार लिटर पाणी शंभर मीटर उचलायला, काही वाया गेलं नाही तर, ०.२७ युनिट लागतात. तुझी उपशातली पातळी १८० फूट, म्हणजे ५५ मीटर, आणि रानाचा चढ व पाईपातलं घर्षण मिळून आणखी दहा. एकूण ६५ मीटर. त्या हिशेबानं लाख लिटरला निव्वळ १८ युनिट पुरायला हवे होते, लागतात ४६. म्हणजे शंभरातले अडतीस-एकोणचाळीस कामी आले. घाबरू नकोस, बोअरच्या पाणबुडी मोटारीला हा चांगला आकडा आहे. पंचवीसच्या खाली गेला तर मात्र मोटार वर काढायची वेळ झाली असं समज.

आकडा बिघडला तर

पातळी तीच असताना लाखाला ४६ चे ६० झाले, तर कारण शोध. माझ्या हाताखालून गेलेल्या मोटारींत चारच कारणं पुन्हा पुन्हा सापडली.

मोटार चालू असताना केसिंगला कान लाव. आत धार पडल्याचा आवाज आला तर वर येणारा पाईप किंवा त्याचं कपलिंग फुटलं आहे. तू उचललेलं पाणी पुन्हा बोअरमध्येच पडतं आहे. युनिट पूर्ण जातात आणि ड्रम मात्र उशिरा भरतो.

मोटार काढून पुन्हा घातल्यावर, किंवा लाईनीचं काम झाल्यावर, पाणी एकदम निम्म्यावर आलं तर फेज उलटा लागला आहे. मोटार उलटी फिरते आणि तरीही थोडं पाणी देते, म्हणून माणूस बोअर आटला असं समजून बसतो. तीनपैकी दोन वायरी आपसात बदलायला सांग. अशा दोन वायरींच्या चुकीपायी नवा बोअर मारायला निघालेला माणूस मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.

पाणी हळूहळू कमी झालं आणि अँपिअरही उतरले, तर आधी पातळी बघ. ती तीच असेल तर वाळूनं पंपाच्या चकत्या झिजल्या आहेत. पाणी कमी आणि अँपिअर मात्र वाढलेले, असं दिसलं तर आत काहीतरी घासतं आहे किंवा व्होल्टेज पडलं आहे. व्होल्टेज साडेतीनशेच्या खाली असताना मोटार चालवत बसू नकोस. त्यातच वाइंडिंग जळतं.

आणि जेव्हा मोटार पाणी तोडायला लागते, म्हणजे धार फसफसते, हवा मारते, मग पुन्हा येते, तेव्हा ड्रमचा हिशेब बदलतो. एका तासात पाणी खरोखर किती मिनिटं आलं ते घड्याळावर मोज. ड्रमवरून तासाचे १०,००० लिटर निघाले, पण तासातली ३६ मिनिटंच पाणी आलं, तर तुझं पाणी ६,००० लिटरच आहे. अशा वेळी व्हॉल्व्ह थोडा आवळून धार अखंड ठेवावी. पाणी तेवढंच मिळतं आणि कोरडी चालून मोटार जळत नाही.

मोठी मोटार आणि खडक

पाणी तुटलं की गावात पहिला सल्ला मिळतो तो साडेसातची मोटार टाकण्याचा. मी स्वतः एका शेतकऱ्याच्या आग्रहाला बळी पडून पाच काढून साडेसात घातली होती. पहिली वीस मिनिटं धार बघून त्याचं घर आनंदलं. एकविसाव्या मिनिटाला पाणी तुटलं आणि पुढे दर वीस मिनिटांनी तुटतच राहिलं. त्या मोसमात दोनदा वाइंडिंग भरलं. ती चूक माझी होती. आधी ड्रम लावायला हवा होता आणि तो मी लावला नाही.

आपल्या भागात काळा पाषाण आहे. त्याच्या घट्ट अंगात पाणी नसतं. ते वरच्या मुरमात, तडांत आणि खडकाच्या दोन थरांच्या सांध्यात असतं. त्या फटी जेवढं देतील तेवढंच बोअरला येतं. मोठी मोटार ते फक्त लवकर संपवते. आणि फटींत पाणी येतं ते पावसाचं, म्हणून ते कार्तिकात भरपूर असतं आणि माघात उतरतं.

खर्ड्याला हे नवीन नाही. मार्च १७९५ मध्ये निजामाची फौज आपल्या किल्ल्यापाशी अडकली तेव्हा पाण्यावाचून तिचे हाल झाले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यात शौर्याची गोष्ट आहेच, पण मार्चमधल्या खर्ड्याच्या पाण्याचीही आहे. आपल्याच जिल्ह्यात हिवरे बाजारनं यातून वाट काढली. तिथं पाऊस किती पडला ते मोजून गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि मग कोणतं पीक किती घ्यायचं ते ठरवतं. शेतीसाठी बोअर तिथं घेऊच देत नाहीत. आपल्याकडे बोअर आहेत. निदान प्रत्येकानं आपल्या बोअरचा तरी ताळेबंद मांडावा.

तुझ्या दोन एकरांचा निवाडा

तुझ्या चार एकरांपैकी दोनात ज्वारी उभी आहे आणि उरलेल्या दोन एकरांत गहू करायचा तुझा विचार आहे. गेल्या महाशिवरात्रीला मी आलो होतो तेव्हा आपण दोघांनी ड्रम लावला होता, आठवतं? १२० सेकंद लागले होते. तासाला ६,००० लिटर. आज १०,००० आहेत म्हणून गव्हाचा हिशेब दहा हजारानं करायचा नाही. पेरणी आजच्या पाण्यावर होते, पण दाणा भरतो तो महाशिवरात्रीच्या पाण्यावर.

एक एकर गव्हाला पेरणीचं पाणी आणि मग साधारण २१, ४२, ६५ आणि ८५ दिवसांची अशी पाच पाणी धर. पहिल्याला साडेचाळीस तास. बोअर महिन्यागणिक उतरत जातो, म्हणून पुढच्या पाळ्या ४५, ५१, ५८ अशा लांबत जातात आणि शेवटची साडेसदुसष्ट तासांची होते. एकूण २६० तासांच्या वर. त्या शेवटच्या पाळीत मोटार तासाला ४.३ युनिट घेत असली तरी तास वाढल्यामुळे २९० युनिट जातात. पहिल्या पाळीला १८६ होते. "लाखाला ४६" चे तेव्हा लाखाला ७२ झालेले असतील, आणि ते मोटारीच्या दोषानं नसून पातळीच्या उतरण्यानं.

दोन एकर केलेस तर शेवटची पाळी १३५ तासांची. आठ तासांनी ते सतरा दिवस होतात. गव्हाच्या दोन पाळ्यांत अंतर वीस दिवसांचं. म्हणजे एक दिवसही लाईट गेली नाही, एकदाही फ्यूज उडाला नाही, तर ते कसंबसं निभेल. असं वर्ष मी पाहिलेलं नाही. होईल असं की एका एकराला वेळेवर पाणी मिळेल आणि दुसऱ्याचा दाणा चिपाडेल.

माझं सांगणं असं आहे. गहू एकच एकर कर. दुसऱ्या एकरात हरभरा घे. त्याला महिन्याच्या सुमारास एक आणि साठ-पासष्ट दिवसांनी एक, अशी दोन हलकी पाणी पुरतात, जास्त पाण्यानं तो उलट माजतो. ज्वारीला पोटरीच्या वेळचं, पन्नास-पंचावन्न दिवसांचं पाणी आता लवकरच द्यावं लागेल. ते बोअर जोरात असताना पडतं, म्हणून त्याची काळजी नाही. माघात फक्त गव्हाचा एक एकर बोअरवर राहिला पाहिजे.

आणि पाणी अंदाजापेक्षाही कमी पडलं तर पाळ्या पातळ करत बसू नकोस, मोजक्या पाळ्या वेळेवर दे. राहुरी विद्यापीठाची शिफारस तशीच आहे. गव्हाला तीनच पाणी देता येणार असतील तर २१, ४२ आणि ६५ दिवसांना, दोनच असतील तर २१ आणि ६५ ला, आणि एकच असेल तर ४२ च्या सुमाराला द्यावं. कोणत्या पाळीला तुझे किती तास लागतील हे तुला आता काढता येतं.

पेटीत चिकटवायला हे एवढं वेगळ्या कागदावर उतरवून घे:

तासाचे लिटर = ७,२०,००० ÷ दोनशे लिटरचा ड्रम भरायचे सेकंद (दोन तास मोटार चालल्यावर).
उपसायचे लिटर = एकर × सेंटिमीटर × ४०,५०० ÷ ०.६ (पाईप शेवटपर्यंत असेल तर ०.७५).
तास = उपसायचे लिटर ÷ तासाचे लिटर.
युनिट = तास × तासाचे युनिट.

दर महिन्याच्या एक तारखेला ड्रम लाव, सेकंद आणि तासाचे युनिट एका वहीत लिही, शेजारी तारीख टाक. दुसरं काही लिहू नकोस. तीन वर्षांची वही झाली की तुझ्या बोअरबद्दल तुला जेवढं माहीत असेल तेवढं मलाही नसेल, आणि बोअर मारणाऱ्यालाही नसेल.

ताईला नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद. गव्हाचं बी दोन एकरांचं आणलं असशील तर एका एकराचं परत कर. दुकानदार आठवडाभर घेतो. हे पत्र मिळाल्या दिवशीच जा.

तुझा
मामा